आधी रक्त, मग सुई

(येरमाळा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी त्यांना दोनदा भेटलो होतो. मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला होतो. रोज संध्याकाळी त्यांना कणकण यायची, रात्री घाम सुटायचा, सकाळी ताप उतरलेला असायचा. त्या दोन महिन्यांत त्यांची औषधं चार वेळा बदलली. नवं इंजेक्शन सुरू झालं की चार दिवस बरं वाटे आणि पुन्हा पहिले पाढे. ते गेले तेव्हा कागदावर आजाराचं नाव एवढंच होतं : ताप. त्यांना नेमकं काय झालं होतं, हे आज मीही सांगू शकत नाही. त्या चार औषधांच्या आधी एकदाही त्यांचं रक्त जंतूंच्या तपासणीसाठी काढलेलं नव्हतं, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

आजचा विषय मी त्यासाठीच निवडला. एका आजाराबद्दल बोलायचं आहे आणि त्यातही मुख्यतः एका गोष्टीबद्दल. या आजारात पहिल्या दिवशी थोडं थांबून रक्त काढलं की नाही, यावर रुग्णाच्या उपचारांचे शेवटचे दोन आठवडे दवाखान्यात जाणार की घरी, हे बऱ्याच वेळा ठरतं. पहिल्या दिवसाचा शेवटच्या दिवसाशी संबंध कसा लागतो, ते एका रुग्णाच्या हकिकतीतून सांगतो. ही हकिकत एकाची नाही. दोन-तीन रुग्णांच्या कहाण्या मी एकत्र केल्या आहेत, म्हणजे कोणाची ओळख पटू नये.

आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुतेक वेळा झडपेला, जंतूंची लागण होणं. निरोगी झडप गुळगुळीत असते, तिच्यावर जंतूला सहसा पाय रोवता येत नाही. पण लहानपणी घसा आणि सांधे धरून येणाऱ्या ताप-वाताच्या आजारानं, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापानं, झडप खरबरीत झालेली असेल, जन्मतः हृदयात दोष असेल किंवा कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर तिथे रक्ताच्या बारीक गुठळ्या चिकटतात. दात घासताना, किडलेल्या दाढेतून, कधी एखाद्या जखमेतून थोडे जंतू रक्तात येतात. एरवी शरीर त्यांना मिनिटांत संपवतं. इथे मात्र ते त्या गुठळीत अडकतात, तिच्यावर आणखी थर चढतो, त्यात पुन्हा जंतू वाढतात. या वाढीला आम्ही व्हेजिटेशन म्हणतो. सोनोग्राफीसारख्याच तपासणीत, म्हणजे इकोत, ती झडपेबरोबर लवलवताना दिसते.

आता आपला रुग्ण. वय चौतीस. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून आजारी पडलं तरी फड सोडून येता येत नाही. हंगाम संपत आला तेव्हा त्याला संध्याकाळची कणकण सुरू झाली. लहानपणी त्याचे गुडघे आणि घोटे एकामागून एक सुजले होते. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. लग्नानंतर ते सुटलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

पाच आठवड्यांत त्यानं तीन गावांत तीन डॉक्टर केले. पहिल्या ठिकाणी सलाईन आणि इंजेक्शन. दुसऱ्या ठिकाणी विडाल टेस्ट झाली, ती पॉझिटिव्ह आली, टायफॉईड म्हणून सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या ठिकाणी पुन्हा तीन इंजेक्शनं. प्रत्येक वेळी ताप उतरायचा आणि आठवड्याभरात परत यायचा. वजन सात किलो उतरलं. पाठ दुखायला लागली. मोळी उचलताना दम लागू लागला.

विडालबद्दल थांबून बोलायला हवं, कारण आपल्या भागात तापाच्या दर दुसऱ्या रुग्णाच्या हातात तो कागद असतो. ही तपासणी जंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीरानं केलेली प्रतिपिंडं मोजते. ती पूर्वी कधीतरी झालेल्या आजारानंही वाढलेली असू शकतात, दुसऱ्याच एखाद्या तापानंही वाढू शकतात. एकदाच केलेल्या विडालवर टायफॉईड ठरवणं फसवं आहे. गंमत नाही, दुःख वाटावं अशी गोष्ट ही की टायफॉईड खात्रीनं ओळखण्याचा मार्गही तोच आहे, जो एंडोकार्डायटिसचा आहे : औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चर. एकाच सुईनं दोन्ही प्रश्न सुटले असते.

चैत्री पौर्णिमेला तो बायकोसह येडेश्वरीच्या यात्रेला गावी आला. डोंगराच्या पायऱ्या चढताना तीनदा बसला. इथल्या एका डॉक्टरांनी त्याला तपासलं. चौथं इंजेक्शन देण्याआधी त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि हृदयाच्या ठोक्यांमध्ये फुंकल्यासारखा आवाज ऐकला. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लाल टिपके. नखांखाली कुसळ घुसल्यासारख्या काळपट रेघा. त्यांनी चिठ्ठी लिहिली : ‘पाच आठवडे ताप. हृदयात मर्मर. मी अँटिबायोटिक दिलेलं नाही. कल्चर घ्यावे.’ या चिठ्ठीतलं तिसरं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रुग्णाला काहीतरी द्यायलाच हवं, हा दबाव खेड्यातल्या डॉक्टरवर किती असतो, ते मला ठाऊक आहे. त्या माणसानं तो पेलला.

माझ्याकडे आला तेव्हा ताप १०१, हिमोग्लोबिन साडेआठ, प्लीहा हाताला लागत होती, लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी. इकोत डाव्या बाजूची मिट्रल झडप जाड झालेली, गळती मध्यम आणि तिच्यावर आठ मिलिमीटरचं व्हेजिटेशन. निदान जवळपास झालं होतं. पण जंतूचं नाव हाती नव्हतं.

रक्त कसं काढायचं, ते नीट सांगतो. तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या जागी सुई टोचून रक्त घ्यायचं. प्रत्येक वेळी दोन बाटल्या, एक प्राणवायूत वाढणाऱ्या जंतूंसाठी, एक त्याच्याविना वाढणाऱ्यांसाठी. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत दहा मिलिलिटर. म्हणजे एकूण साठ. नातेवाईक इथे हमखास अडवतात : ‘आधीच अंगात रक्त नाही, आणि तुम्ही अजून काढता?’ मी त्यांना सांगतो, रक्तदानात साडेतीनशे मिलिलिटर घेतात, हे त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. आणि कमी घेतलं तर फसगत होते. या आजारात जंतू अगदी विरळ असतात, एका मिलिलिटर रक्तात कधी एखाद-दोन. पाच मिलिलिटर घेऊन ‘जंतू नाहीत’ म्हणणं म्हणजे विहिरीतून ओंजळभर पाणी काढून ‘मासे नाहीत’ म्हणण्यासारखं.

तीनदा आणि तीन जागी का? आपल्या कातडीवरही जंतू असतात. सुईबरोबर ते बाटलीत गेले, तर एका बाटलीत वाढ दिसते. तिन्ही वेळी एकच जंतू आला, तर तो कातडीचा नाही, रक्तातलाच. म्हणून कातडी नीट पुसायची, जंतुनाशक वाळेपर्यंत थांबायचं, पुसल्यावर त्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही. ताप चढण्याची वाट पाहायची गरज नाही. झडपेवरचे जंतू दिवसरात्र रक्तात झिरपत असतात, त्यामुळे सकाळी अंग थंड असतानाही रक्त चालतं. आणि भरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत. लस फ्रीजमध्ये ठेवायची सवय असलेल्या कर्मचाऱ्यांकडून ही चूक होते, आणि थंडीत जंतू मरतात किंवा वाढत नाहीत. घरातल्या साध्या तापमानात ठेवून त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर, लॅबला पोचवायच्या. गावात यंत्र नसलं म्हणून अडत नाही. रक्त येरमाळ्यात काढून बाटल्या शहरात पाठवता येतात. फक्त त्या दवाखान्यात आधीपासून आणून ठेवलेल्या हव्यात.

आम्ही तीन जोड्या घेतल्या. पाच दिवस वाट पाहिली. काहीच वाढलं नाही.

कारण उघड होतं. तिसऱ्या गावातलं शेवटचं इंजेक्शन त्याला माझ्याकडे येण्याच्या दोनच दिवस आधी मिळालं होतं. ते झडपेवरचे जंतू संपवण्याइतकं नव्हतं, पण रक्तातले जंतू दडपायला पुरेसं होतं. अर्धवट औषधाचा हा दुहेरी तोटा आहे. आजार तसाच राहतो आणि त्याच्या खुणा पुसल्या जातात.

आता दोन वाटा होत्या. नाव माहीत नसताना, अंदाजानं अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारी औषधं चार ते सहा आठवडे द्यायची. त्यात जेंटामायसिन आलं, म्हणजे मूत्रपिंडाला आणि कानाला धोका आला, रोजच्या रोज लक्ष ठेवणं आलं आणि सगळा काळ दवाखान्यात पडून राहणं आलं. शिवाय शेळ्या-गुरांच्या संगतीतून आणि कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेलासारखा जंतू असेल, तर ही औषधं पुरी पडणार नाहीत. दुसरी वाट होती थांबण्याची. रुग्ण स्थिर असेल, हृदय थकलेलं नसेल, रक्तदाब बरा असेल, मेंदूकडे किंवा हातापायांकडे गुठळी गेल्याची खूण नसेल, तर दोन-तीन दिवस अँटिबायोटिक न देता थांबून पुन्हा रक्त घेता येतं. उलट जो माणूस झपाट्यानं खालावतो आहे, त्याच्यात थांबायचं नाही. अर्ध्या-एक तासात तिन्ही जोड्या घ्यायच्या आणि लगेच औषध सुरू करायचं. तापलेल्या, दम लागलेल्या माणसाला ‘कल्चरसाठी’ म्हणून ताटकळत ठेवणं हीसुद्धा चूकच. तासभर थांबणं आणि तीन दिवस थांबणं यांत फरक आहे, तो रुग्णाकडे पाहून ठरतो.

आम्ही थांबलो. कल्चरचे पाच दिवस चालू असतानाच अँटिबायोटिक बंद होतं, त्यात आणखी तीन दिवस गेले. त्याच्या बायकोला हे समजावणं हे माझ्या त्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. ‘दवाखान्यात ठेवलंय आणि औषधच देत नाहीत’, असं तिनं गावी फोनवर सांगितलं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. दर चार तासांनी नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ताकद पाहत होतो. रोज ईसीजी काढत होतो. मग पुन्हा तासातासाच्या अंतरानं तीन जोड्या घेतल्या आणि शेवटची बाटली भरल्या भरल्या जेंटामायसिनसह औषध सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबच्या यंत्रानं इशारा दिला. तिन्ही जोड्यांत तोच जंतू. स्ट्रेप्टोकोकस सँग्विनिस, तोंडात राहणारा. पेनिसिलिनला पूर्ण दबणारा. त्याच्या मागच्या दोन दाढा किडून मुळापर्यंत गेल्या होत्या, वाट तिथली असावी.

नाव कळणं म्हणजे काय, याची एक जुनी गोष्ट सांगतो. १९११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर तापानं आजारी होते. त्यांची झडप आधीच सदोष होती. डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना बोलावलं गेलं. त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज बेहर यांनी माहलर यांचं रक्त काढून ते जंतू वाढवण्याच्या माध्यमात घातलं. काही दिवसांनी स्ट्रेप्टोकोकसच्या वसाहती उगवल्या. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ब्लड कल्चरनं नाव सांगितलं होतं. पण त्या नावावर जगात औषध नव्हतं. माहलर यांना जहाजानं युरोपात परत नेलं आणि १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात ते वारले. आज आपल्याकडे औषध आहे, आणि नावच मिळवायचं राहून जातं. हा उलटा क्रम मला अस्वस्थ करतो.

पेनिसिलिन आल्यावरही सुरुवातीला या आजारात निराशाच आली. मात्रा थोडी आणि दिवस थोडे असल्यामुळे ताप उतरायचा आणि परत यायचा. १९४४च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये डॉ. लिओ लोव यांनी मोठ्या मात्रेत आणि आठवडेच्या आठवडे पेनिसिलिन शिरेतून दिलं, तेव्हा रुग्ण बरे होऊ लागले. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. माझ्या आधीच्या पिढीतले डॉक्टर पेनिसिलिनची कुपी हातात घेऊन ‘पिंपरीचं’ म्हणत.

एवढे आठवडे का लागतात? व्हेजिटेशनला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ते गुठळीचे थर आहेत, एकावर एक. पांढऱ्या पेशी आत शिरू शकत नाहीत. औषध बाहेरून हळूहळू झिरपतं. आणि आतले जंतू इतके दाटीनं बसलेले असतात की बरेचसे सुस्त पडून राहतात, वाढत नाहीत. पेनिसिलिनसारखी औषधं वाढणाऱ्या जंतूला मारतात, झोपलेल्याला नाही. म्हणून जंतू ठार करणारं औषध, भरपूर मात्रेत, शिरेतून, चार आठवडे. ताप सहाव्या दिवशी उतरला म्हणून सातव्या दिवशी औषध बंद केलं, तर आतला साठा तसाच राहतो.

नाव हाती आल्यामुळे त्याचं जेंटामायसिन आम्ही थांबवलं. एकच औषध राहिलं, सेफ्ट्रायाक्झोन, दिवसातून एकदा दोन ग्रॅम. पेनिसिलिन स्वतःच उत्तम आहे, पण ते दिवसातून चार ते सहा वेळा द्यावं लागतं. सेफ्ट्रायाक्झोन रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून दिवसाला एक पुरतं. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी १९९२ साली दाखवून दिलं की या जातीच्या स्ट्रेप्टोकोकसवर रोज एक, असं चार आठवडे हे औषध पुरतं आणि काही रुग्णांना उरलेला काळ घरून येऊन-जाऊन उपचार घेता येतात. ‘घरी’ हा शब्द इथे पहिल्यांदा येतो, आणि तो केवळ नाव माहीत असल्यामुळे येतो.

औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांनी पुन्हा कल्चर घेतलं. ते कोरं आलं. दिवस मोजायचे ते इथून. ही गोष्ट रुग्णांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही ठाऊक नसते. पहिल्या इंजेक्शनपासून मोजायचं नाही. ज्या दिवशी रक्त पहिल्यांदा जंतूविना आलं, तो पहिला दिवस. तिथून अठ्ठावीस.

पहिले चौदा दिवस तो माझ्याकडेच राहिला. त्याबद्दल तडजोड नव्हती. व्हेजिटेशनचा तुकडा सुटून मेंदूत, प्लीहेत, पायात अडकण्याचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. झडप फाटून हृदय अचानक थकणं, झडपेच्या मुळाशी गळू होणं, हेही बहुतेक याच काळात. गळूची चाहूल कधी कधी फक्त ईसीजीवर लागते, म्हणून तो रोज काढायचा. हृदय थकत गेलं, औषधानंही जंतू हटला नाही किंवा व्हेजिटेशन दहा मिलिमीटरहून मोठं असून तुकडे सुटायला लागले, तर शल्यक्रियेचं बोलणं तिथेच, त्याच वेळी करावं लागतं. नशिबानं यातलं काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात औषधाच्या छत्राखाली त्याच्या दोन्ही दाढा काढल्या.

चौदाव्या दिवशी ताप नाही, दाह दाखवणारी सीआरपीची तपासणी एकशे दहावरून बारावर आलेली, इकोत व्हेजिटेशन लहान झालेलं, गळती वाढलेली नाही. त्याला विचारलं, उरलेले चौदा दिवस येरमाळ्यात घ्यायचे का?

सगळ्यांना हे विचारता येत नाही. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल, झडप कृत्रिम असेल, हृदय थकलेलं असेल, व्हेजिटेशन मोठं असेल, तर मी विचारत नाही. आणि रुग्णाच्या शरीराइतकंच त्याचं घर पाहावं लागतं. रात्री दोनला तोंड वाकडं झालं, तर गाडी कोणाची? फोन लागतो का? रोज सकाळी इंजेक्शन द्यायला माणूस आहे का, रविवारीसुद्धा? त्याचं घर महामार्गापासून जवळ होतं, मेहुण्याकडे जीप होती आणि ज्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी लिहिली होती, त्यांनी चौदाही दिवस स्वतः जबाबदारी घेतली.

‘मग गोळ्याच द्या ना’, असं त्यानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. डेन्मार्कमध्ये चारशे रुग्णांवर याचा अभ्यास झाला. तो २०१८ साली जाहीर झाला. किमान दहा दिवस शिरेतून औषध दिल्यावर स्थिर झालेल्या निम्म्या रुग्णांना गोळ्यांवर आणलं, निम्म्यांना शिरेतूनच चालू ठेवलं. मृत्यू, अचानक करावी लागलेली शल्यक्रिया, गुठळी जाणं आणि रक्तात जंतू परत येणं, हे सगळं मिळून गोळ्यांच्या गटात नऊ टक्के आणि शिरेतल्या गटात बारा टक्के निघालं. म्हणजे गोळ्या मागे पडल्या नाहीत. पण त्या रुग्णांना एक नाही, दोन औषधं एकत्र दिली होती, गोळ्यांवर आणण्याआधी अन्ननलिकेतून इको करून पाहिला होता आणि प्रत्येकाच्या जंतूचं नाव माहीत होतं. स्ट्रेप्टोकोकससाठीच्या जोडीत बऱ्याचदा रिफाम्पिसिन असतं, जे आपल्याकडे क्षयाचं मुख्य औषध आहे आणि इतर अनेक गोळ्यांचा परिणाम बदलतं. दिवसातून एक इंजेक्शन गावातच मिळत असताना मी त्या वाटेनं गेलो नाही. तुमचा डॉक्टर वेगळं ठरवू शकेल, त्याला कारणं असतील.

त्याला एक कार्ड दिलं. एका बाजूला अठ्ठावीस चौकटी, रोजची सही. दुसऱ्या बाजूला सूचना. त्यातली एक मोठ्या अक्षरांत होती : हे इंजेक्शन आर.एल. सलाईनमध्ये किंवा आर.एल. चालू असलेल्या नळीतून द्यायचं नाही. आर.एल.मध्ये कॅल्शियम असतं, ते सेफ्ट्रायाक्झोनबरोबर साका धरतं. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात द्यायचं. आपल्याकडच्या दवाखान्यांत हाताला लागेल ती बाटली टांगतात, म्हणून ही सूचना. सतराव्या दिवशी नव्या मदतनिसानं आर.एल.चीच बाटली उचलली होती. कार्ड पाहून परत ठेवली, असं मला नंतर कळलं.

बाविसाव्या दिवशी रात्री त्याला थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी मला फोन केला तेव्हा साडेदहा वाजले होते. दोन शक्यता होत्या : आजार उलटला किंवा हातातल्या सुईच्या जागी लागण झाली. हाताची शीर दोरीसारखी ताठ आणि लाल झाली होती. इथे सगळ्यात मोठा मोह असतो दुसरं, ‘जास्त ताकदीचं’ इंजेक्शन सुरू करण्याचा. त्यांनी ते केलं नाही. सुई काढली, दुसऱ्या हातातून दोन जोड्या रक्त घेतलं, हातापायांची ताकद आणि श्वास पाहिला आणि सकाळी नव्या जागी सुई लावून तेच औषध पुढे चालू ठेवलं. बाटल्या मेहुण्याच्या जीपमधून पहाटे निघाल्या. ताप दुसऱ्या दिवशी गेला आणि बाटल्या पाच दिवस कोऱ्या राहिल्या. शिरेचा दाह होता. रक्त न घेता औषध बदललं असतं, तर आजार उलटला की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नसतं आणि त्याला पुन्हा चार आठवडे मोजावे लागले असते.

अठ्ठाविसावी सही झाली. अखेरचा इको केला, तो यापुढच्या प्रत्येक तपासणीशी ताडून पाहण्यासाठी. झडप गळकीच आहे, ती औषधानं पूर्ववत होत नाही, पुढे कधी शल्यक्रिया लागेल. दर एकवीस दिवसांचं पेनिसिलिन पुन्हा सुरू झालं. दातांचं रक्तस्राव होणारं काम असेल, तर तासभर आधी अमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम. बायकोनं त्याच्या हातातली मिश्रीची डबी काढून घेतली, हे तिनं मला स्वतः सांगितलं. आणि कार्डाच्या तळाशी आम्ही जंतूचं नाव, झडपेचं नाव आणि तारीख घालून दोन ओळी लिहिल्या : ‘ताप आल्यास कोणतंही अँटिबायोटिक देण्याआधी तीन ब्लड कल्चर घ्यावीत. मग औषध.’

पुढच्या हंगामात ती दोघं पुन्हा टोळीबरोबर गेली. उचल फिटलेली नव्हती. तो आता मोळ्या उचलत नाही, गाडीवर थर रचतो. मार्गशीर्षात त्याला ताप आला. जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी सुई भरायला घेतली, तेव्हा तिनं कनवटीला प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ते कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि भरलेली सुई बाजूला ठेवली. बाटल्या त्यांच्याकडे नव्हत्या. त्यांनी माणूस पाठवून त्या मागवल्या, तीन जोड्या रक्त घेतलं आणि मला फोन केला. अंगाला सूज नाही, दम नाही, नखांत रेघा नाहीत, नाक मात्र वाहत होतं. फक्त पॅरासिटामॉल देऊन थांबू, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पाचव्या दिवशी लॅबचा कागद आला, सहाही बाटल्या कोऱ्या, आणि तिनं कार्ड पुन्हा पिशवीत घालून कनवटीला खोचलं.